लाल सरकी, पांढरा कापूस: आत्मा नाही तर केलेल्याचं फळ कोणाला? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आमच्या गावच्या विहारात वर्षावासात, म्हणजे आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. निंदण-डवरणीचे दिवस असले तरी आठ वाजता वीस-पंचवीस माणसं जमतात. मी तालुक्याच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचो, त्यामुळे वाचन संपलं की प्रश्न माझ्याकडे वळतात. अनात्माचा भाग आला की बंडी दरवर्षी एकाच खड्ड्यात रुतते. म्हणून ते प्रश्न एकदाचे लिहून काढले. क्रम विचारणाऱ्यांचा आहे, माझा नाही.

अनात्म म्हणजे "मी नाहीच" असं का?

नाही. तुम्ही आहात, भूक लागते, उद्या सोसायटीत जायचं आहे, हे सगळं खरं. नाकारलं आहे ते एवढंच, की या सगळ्याच्या आत एक न बदलणारा मालक बसलेला आहे.

सारनाथला पाच भिक्खूंना दिलेल्या दुसऱ्या उपदेशात बुद्धांनी मांडलेला मुद्दा साधा आहे. शरीर, संवेदना, ओळखण्याची क्रिया, मनाच्या घडणी आणि जाणीव, हे पाच गट, म्हणजे पाच स्कंध. यातला कुठलाही गट खरोखर "मी" असता, तर "माझं शरीर असं असो, असं नसो" असं म्हटलं की तसं झालं असतं. गुडघा दुखू नको म्हटलं तर दुखायचा थांबला असता. तो थांबत नाही. शिवाय पाचही गट बदलत राहतात. जे हुकमात नाही आणि जे टिकत नाही, त्याला "हा माझा आत्मा" कसं म्हणायचं?

पुढे नागसेन नावाच्या भिक्खूने मिलिंद राजाला रथाचा दाखला दिला. आपल्याकडे बंडी घ्या. तुंबा बंडी नाही, आरे बंडी नाहीत, धाव नाही, आस नाही, जू नाही. हे सगळं अंगणात ढीग करून टाकलं तरी बंडी नाही, आणि या सगळ्याला सोडून वेगळी बंडीही सापडत नाही. पण जोडणी झाली की "बंडी" हा शब्द खोटा ठरत नाही. त्या बंडीनं कापूस जिनिंगला जातोच. माणसाच्या नावाचंही तसंच आहे.

बुद्धांनी "आत्मा नाही" असं सरळ सांगितलं का?

वच्छगोत्त नावाच्या परिव्राजकाने विचारलं, आत्मा आहे का? बुद्ध गप्प. मग नाही का? पुन्हा गप्प. तो निघून गेल्यावर आनंदाला त्यांनी कारण सांगितलं. "नाही" म्हटलं असतं तर आधीच गोंधळलेल्या त्या माणसाला वाटलं असतं, की काल माझ्याजवळ आत्मा होता आणि आज गेला. म्हणजे कुठलाही स्कंध आत्मा नाही हे ठाम सांगितलेलं आहे, पण "आत्मा हरवला" अशी बातमी दिलेली नाही. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. पण विहारात या मुद्द्यावर फार वेळ घालवला तर लोक जांभया देतात, त्यांचा प्रश्न पुढचा असतो.

"मास्तर, आत्माच नाई म्हन्ता, तं मंग केलेल्याचं फळ कोनाले भेटते?"

हा तो खड्डा. आणि तो नवा नाही. श्रावस्तीत पूर्वारामात पौर्णिमेच्या रात्री बुद्ध स्कंधांबद्दल बोलत असताना एका भिक्खूच्या मनात नेमकं हेच आलं: रूप अनात्म, वेदना अनात्म, जाणीवही अनात्म, तर अनात्माने केलेली कर्मं कुठल्या आत्म्याला लागणार? बुद्धांनी त्याला झापलं आणि रूप नित्य की अनित्य, ही प्रश्नोत्तरं पुन्हा सुरू केली. खरं सांगायचं तर त्या ठिकाणी प्रश्नाला थेट उत्तर मिळत नाही. प्रश्नाची मांडणीच चुकली आहे, एवढं कळतं.

मांडणी कुठे चुकली, ते अचेल कस्सप या नग्न तपस्व्याशी झालेल्या संवादात दिसतं. करणारा तोच आणि भोगणारा तोच म्हटलं, तर शाश्वतवाद होतो, म्हणजे आत्मा कायम टिकतो असं मत. करणारा एक आणि भोगणारा दुसरा म्हटलं, तर उच्छेदवाद होतो, म्हणजे मेलं की सगळं तुटलं असं मत. बुद्ध दोन्ही टोकं सोडून कारणांची साखळी सांगतात: हे असलं की ते होतं. "कोणाला" हा प्रश्न बाजूला सारून "कशामुळे" हा प्रश्न पुढे केलेला आहे.

पण गावात न्याय "कशामुळे"वर थांबत नाही. पंच विचारतात, कोण? म्हणून एक उदाहरण तपशिलात घेऊ. दुर्दैवानं ते माझंच आहे.

ते धुऱ्याच्या आगीचं काय प्रकरण होतं?

1998 चा फाल्गुन. मी सव्वीस वर्षांचा. दुपारी शेताचा धुरा जाळायला घेतला, कुंदा आणि वाळलं गवत पेटवलं, आणि पाणी प्यायला विहिरीवर गेलो. वारा फिरला. शेजारच्या काकांच्या अडीच एकरातला हरभरा सोंगून सुडी रचलेली होती. मी परत येईपर्यंत सुडीचा नुसता काळा गोल उरला होता आणि घाटे तडतड फुटत होते. तो आवाज अजून कानात आहे. अंदाजे बारा क्विंटल गेले. वारा माझ्या हातात नव्हता म्हणून पंचांनी आठ क्विंटल ठरवले, चार त्या वर्षी, चार पुढच्या वर्षी. पहिले चार दिले. पुढच्या वर्षी माझंच काही पिकलं नाही, काकांनी मागितलं नाही, मी काढलं नाही. काका 2011 साली गेले. 2022 साली त्यांच्या मुलानं मला पारावर विचारलं, "मास्तर, ते चार क्विंटल?"

आता मिलिंदपञ्ह या मिलिंद-नागसेन संवादाच्या ग्रंथात पाहा. नागसेन आंब्याच्या चोराची गोष्ट सांगतो. पकडलेला चोर म्हणतो, मी याचे आंबे चोरले नाहीत, यानं लावली ती कोय वेगळी, मी तोडले ते आंबे वेगळे. पुढे दुसरा दाखला येतो: थंडीत एकानं शेकायला आग पेटवली, न विझवता गेला, आणि त्या आगीनं दुसऱ्याचं शेत जळलं. तोही म्हणतो, मी पेटवली ती आग वेगळी, शेत जाळलं ती वेगळी. राजा दोघांनाही सोडत नाही. कारण तो स्वतःच सांगतो: नंतरची आग पहिल्या आगीतूनच आली.

माझ्याजवळ तीन पळवाटा होत्या. पहिली आगीची, ती वरच्या दाखल्यानं बंद झाली. माझ्या गवतातली ज्वाळा आणि सुडीतली ज्वाळा एक नव्हती, पण एकातून दुसरी आली. दुसरी माझी: तो सव्वीस वर्षांचा पोरगा मी नाही, केस गेले, मतं बदलली, तो विडी ओढायचा, मी ओढत नाही. तिसरी काकांची: ज्यांचं नुकसान झालं ते उरलेच नाहीत. बुद्धांचा अनात्मवाद हाती धरून दुसरी पळवाट काढता येते असं वाटतं. पण नागसेन ती काढू देत नाही.

का काढू देत नाही? "तोही नाही आणि दुसराही नाही" हा शब्दांचा खेळच ना?

मिलिंद विचारतो, जो जन्मतो तो तोच राहतो की दुसरा होतो? नागसेन म्हणतो, तोही नाही, दुसराही नाही. मग उलट विचारतो: महाराज, पाळण्यात उताणं पडलेलं तान्हं बाळ तुम्हीच का? राजा म्हणतो, नाही, ते वेगळं होतं. मग तुम्हाला आई नाही, नागसेन म्हणतो. गुरूही नाही. गुन्हा एक करणार आणि हातपाय दुसऱ्याचे तुटणार. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एक नाही, पण दिवे दोन नाहीत.

हा खेळ नाही, कारण इथे दोन वेगळे प्रश्न सोडवून ठेवले आहेत. "तोच आहे का?" याचं उत्तर हो किंवा नाही, मधलं काही नसतं. "त्यातून आला आहे का?" याला कमी-जास्त असतं. दुधातून दही होतं. दही म्हणजे दूध नव्हे, पण दूध दुसऱ्याकडे ठेवून दह्याबद्दल "हे माझं नाही" असंही म्हणता येत नाही. जबाबदारीला पहिलं उत्तर लागत नाही, दुसरं पुरतं, असा नागसेनाचा दावा आहे. 1984 मध्ये इंग्रज तत्त्वज्ञ डेरेक पार्फिट याच ठिकाणी पोचला. महत्त्वाचं आहे ते सातत्य, तेच-ते-पण नव्हे, असं त्यानं मांडलं, आणि बुद्धाला हे पटलं असतं असंही लिहिलं. पार्फिट मात्र एक पाऊल पुढे गेला. नातं क्षीण झालं असेल तर जुन्या अपराधाची शिक्षाही कमी व्हावी, असं तो सुचवतो. माझ्या चार क्विंटलांना हे सोयीचं होतं, म्हणून त्यावर फार भरवसा ठेवला नाही.

दारू पिऊन केलं आणि आठवतच नाही, तर?

हा प्रश्न विचारणाऱ्याकडे सगळे पाहायला लागतात. पण प्रश्न खरा आहे. इंग्रज विचारवंत जॉन लॉक यानं 1694 साली म्हटलं, की माणूस तोच की नाही हे जाणिवेवर आणि आठवणीवर ठरतं, शरीरावर नाही, आत्म्यावरही नाही. त्याला काळजी होती ती ख्रिस्ती धर्मातल्या अंतिम निवाड्याची: मेलेले उठतील तेव्हा शिक्षा कोणाला? दारुड्याबद्दल तो म्हणतो, कोर्ट शिक्षा करतं कारण खरं विसरणं आणि सोंग यातला फरक त्याला ओळखू येत नाही. पण देवाच्या दरबारात ज्याला काही ठाऊकच नाही त्याला जाब द्यावा लागणार नाही.

याची अडचण स्कॉटिश तत्त्वज्ञ टॉमस रीडनं 1785 मध्ये दाखवली. बागेत चोरी केली म्हणून मार खाल्लेला पोरगा, मग झेंडा जिंकणारा तरुण अधिकारी, मग म्हातारा सेनापती. अधिकाऱ्याला मार आठवतो, सेनापतीला झेंडा आठवतो पण मार आठवत नाही. म्हणजे सेनापती तो अधिकारी, अधिकारी तो पोरगा, पण सेनापती तो पोरगा नाही. गणितच मोडलं.

बौद्ध बाजूला हा फटका बसत नाही. तिनं आठवणीवर काही टांगलेलंच नाही. कर्माचा ठसा आठवणीत नसतो, घडणीत असतो. रात्री पिऊन बायकोवर हात टाकणारा सकाळी विसरतो, पण हात उचलण्याची सवय विसरत नाही, ती एका रात्रीनं पक्की झालेली असते.

मग माझा प्रवाह आणि तुझा प्रवाह वेगळा कशाने?

प्रवाह म्हणजे एकातून एक येत जाणाऱ्या क्षणांची साखळी. हा प्रश्न एका बारावीच्या मुलीनं विचारला, आणि माझ्या मते सगळ्यात जड हाच आहे. आत्मा मानणाऱ्या न्याय दर्शनाच्या पंडितांनी, म्हणजे नैयायिकांनी, शेकडो वर्षं तो लावून धरला. त्यांचं म्हणणं: काल ज्यानं आंबा पाहिला तोच आज त्याला हात लावून "हाच तो" म्हणतो, म्हणून दोन्ही अनुभवांना धरणारा एक आत्मा हवा. नुसती कारणांची साखळी पुरत नाही. गुरूच्या ज्ञानातून शिष्याचं ज्ञान होतं, साखळी आहेच. तरी गुरूनं लहानपणी खाल्लेली बोरं शिष्याला आठवत नाहीत. आणि आत्मा नसेल तर केलेलं वाया जाईल, न केलेलं अंगावर येईल.

बौद्धांचं उत्तर असं. कारणं दोन प्रकारची: उपादान, म्हणजे जे स्वतःच बदलून पुढचं होतं, जसं माती मडक्याचं, आणि साहाय्यक, जसा कुंभार. शिष्याच्या ज्ञानाचं उपादान त्याचं स्वतःचं आधीचं चित्त, गुरूचे शब्द फक्त साहाय्य. याला धरून एक जुना श्लोक आहे, तो वाचला की आमच्याकडे सगळे सावरून बसतात:

यस्मिन्नेव हि सन्ताने आहिता कर्मवासना।
फलं तत्रैव सन्धत्ते कार्पासे रक्तता यथा॥

ज्या प्रवाहात कर्माचा ठसा बसला, फळ त्याच प्रवाहात येतं, जशी कापसात लाली. सरकी लाखेच्या रसानं रंगवून पेरली तर कापूस लाल निघतो, असा समज. बौद्ध आचार्य वसुबंधूनं असाच दाखला महाळुंगाच्या फुलाचा दिला: फूल लाखेनं रंगवलं तर फळाचा गर लाल. मधे खोड आहे, पानं आहेत, त्यात लाली दिसत नाही. ठसा एखाद्या डबीत ठेवलेली वस्तू नाही, प्रवाहाच्या बदलण्याचीच एक विशिष्ट तऱ्हा आहे, आणि योग्य टप्प्यावर ती फळ होऊन दिसते.

श्लोकाचा अर्थ सांगून मी थांबलो तर मागून एक आजोबा म्हणाले, "मास्तर, हे बोगस हाय. पाकिटातली सरकी औषध लावून लालभडकच येते, हाताले रंग लागते. बोंड पांढरंच फुटते."

बरोबर आहे. वनस्पतिशास्त्र म्हणून दाखला पडला. पण तो पडतो कसा, ते पाहण्यासारखं आहे. रंग बाहेरून लागला, घडणीत शिरला नाही, म्हणून पुढे गेला नाही. शिरणारी गोष्ट हवी असेल तर त्याच पाकिटात आहे: बोंडअळीला मारणारा बीटीचा गुण. पानात दिसत नाही, खोडात दिसत नाही, पण पेशीमागून पेशीत त्याची नक्कल होत बोंडापर्यंत जातो. एकच कण प्रवास करत नाही. नैयायिक म्हणेल, बघा, टिकणारं काहीतरी लागलंच. मी म्हणेन, टिकली ती नकलांची रांग. आणि त्याच संकरित कापसाची घरची सरकी पुढच्या साली लावून पाहा: काही झाडांत गुण उतरतो, काहींत नाही, उंचीही सारखी नाही. सातत्य पातळ होऊ शकतं. आत्मा मात्र पातळ होऊ शकत नाही, तो एकतर असतो किंवा नसतो. म्हणून मला हा दाखला लाल सरकीपेक्षा बौद्धांच्या जवळचा वाटतो.

तरी त्या मुलीचा प्रश्न पूर्ण फिटला नाही, हे कबूल. उपादान कोणतं आणि साहाय्य कोणतं हे ओळखायला आधी "हा प्रवाह याचा" हे ठाऊक असावं लागतं, असं नैयायिक म्हणेल, आणि त्यात दम आहे. जिवंतपणी आपली सुटका होते, कारण शरीर एक आहे. त्याच मेंदूत, त्याच हातापायांत पुढचा क्षण येतो. मरणानंतर काय?

मग पुनर्जन्म कसा बसतो?

कठीण बसतो. साति नावाचा भिक्खू, कोळ्याचा मुलगा, म्हणत होता की हेच विज्ञान, म्हणजे जाणीव, एका जन्मातून दुसऱ्यात जातं. बुद्धांनी त्याला बोलावून खडसावलं: विज्ञान कारणाशिवाय उभं राहतच नाही. म्हणजे प्रवासी नाही. नागसेन म्हणतो, एका दिव्यावरून दुसरा दिवा लावतो तसं, काही पलीकडे जात नाही तरी दुसरा पेटतो.

सुंदर आहे. पण एका दिव्यावरून दोन दिवेही लागतात. तसं झालं तर माझ्या कर्माचं फळ दोघांना पूर्ण पूर्ण? परंपरा सांगते तसं होत नाही, एका शेवटच्या चित्तातून एकच पहिलं चित्त येतं. पण का होत नाही, याचं कारण दिव्याच्या दाखल्यात नाही, बाहेरून आणावं लागतं. आत्मवाद्याला ही अडचण नाही, त्याचा आत्मा दोन ठिकाणी जाऊ शकत नाही. इथे हिशेबात त्याचं पारडं जड आहे, लपवून उपयोग नाही.

या कोंडीतून सुटायला बौद्धांमधल्याच वात्सीपुत्रीय पंथानं "पुद्गल", म्हणजे व्यक्ती, मांडला. इंधनाहून आग वेगळी म्हणता येत नाही, तीच म्हणता येत नाही, तसा स्कंधांशी पुद्गल. बाकीच्या बौद्धांना तो मागच्या दारानं आलेला आत्माच वाटला, आणि मलाही वाटतो.

बाबासाहेबांनी यावर काय म्हटलं?

विहारात बसणाऱ्याला हेच आधी हवं असतं. 1957 साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर आलेल्या "बुद्ध आणि त्यांचा धम्म" या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी ही विसंगती स्वतः मांडली आहे: आत्मा नाही म्हणायचं आणि कर्म-पुनर्जन्म मानायचं, हे भयंकर विसंगत आहे. त्यांनी झाकलं नाही.

त्यांचं उत्तर दोन पायांवर उभं आहे. पुनर्जन्म कशाचा? पृथ्वी, आप, तेज, वायू या शरीरातल्या भूतांचा. ती मरणानंतर आपापल्या समुच्चयात मिसळतात आणि पुन्हा कुठे जमली की नवा जन्म. ती एकाच मृताच्या शरीरातली असतील असं नाही. म्हणून कोणाचा पुनर्जन्म, या प्रश्नाला आत्म्याच्या अर्थानं उत्तर "कोणाचाच नाही". आणि कर्म म्हणजे जगातली नैतिक व्यवस्था, कुशल-अकुशल कर्मांनी ती टिकते किंवा बिघडते. मागच्या जन्मीच्या पापामुळे कोणी या जन्मी खालचा आणि गरीब, हे त्यांनी साफ नाकारलं. तसं मानलं की समाज आणि राज्य गरिबाच्या स्थितीची जबाबदारी झटकायला मोकळे होतात.

तत्त्वज्ञानाच्या हिशेबात हा उपाय कोंडीचं एक टोक कापून टाकतो. दोन दिव्यांची अडचण उरत नाही, कारण माझ्या नावाचं फळ माझ्या पुढच्या जन्मात जायचंच नाही. किंमतही आहे. या जन्मी सुटलेला चोर कुठल्याच जन्मी सापडणार नाही. त्याचं फळ इतरांच्या शेतात उगवणार. एका बाईनं हे ऐकून विचारलं होतं, "म्हंजे करनारा वेगळा अन् भोगनारा वेगळा झालाच ना?" झालाच. फक्त इथे ते देवाचं किंवा कर्माचं न्यायदान म्हणून सांगितलेलं नाही, जे घडतं ते सांगितलं आहे. माझ्या धुऱ्याची आग काकांच्या सुडीला लागली, तसंच. म्हणून भरपाई इथेच, पंचांसमोर व्हावी लागते.

आणि ते चार क्विंटल?

तिसरी पळवाट राहिली होती, काका उरले नाहीत ही. पण तो हरभरा असता तर त्या साली घरात आला असता, आणि मुलाची एक वर्षाची शाळेची फी त्यातूनच जायची होती, हे त्यानंच सांगितलं. नुकसानीचाही प्रवाह असतो आणि तो त्या पोरापर्यंत आलेला होता. चणे तेव्हाच्या भावानं द्यायचे की आजच्या, यावर आमचं अर्धा तास चाललं. शेवटी धान्यच द्यायचं ठरलं, भावाची भानगड नको. त्या हंगामात दोन दिले, पुढच्या हंगामात दोन. शेवटचं पोतं काट्यावरून उतरवताना तो म्हणाला, "मास्तर, चाळणी मारून देल्लं का? त्या साली बाबांचा हरभरा साफ होता."

चाळणी मारलेली नव्हती. पोतं परत घरी आणलं.